पुसट झालेल्या पार्किंगच्या रेषा आणि अडलेलं मागचं दार: शेजाऱ्यांना लिहिलेल्या एका पत्राची हकीकत

फोंड्याच्या आमच्या इमारतीत स्टिल्टवर चार मजले आहेत आणि मागच्या बाजूला दुसरा जिना आहे. तो जिना खाली जिथे उतरतो तिथे एक मीटर रुंदीचं लोखंडी दार आहे, ते बाहेर कंपाउंडात उघडतं. मंजूर नकाशावर त्याला फायर एक्झिट म्हटलंय. त्या दारापुढे गाडी उभी असते ही तक्रार जुनीच होती. दर वेळी ती त्या एका गाडीच्या मालकावर जाऊन थांबायची, दोन दिवस घरांघरांत धुसफूस व्हायची आणि गाडी पुन्हा तिथेच दिसायची. यंदा सोसायटीच्या समितीने ते वेगळ्या रीतीने हाताळलं. आधी फोटो काढले, मग टेपने मापं घेतली, मग पत्र लिहिलं आणि शेवटी रंग मारला. ज्यांच्या कंपाउंडात असाच गुंता आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहोत.

पहिले फोटो ५ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी काढले. ते जवळजवळ सगळे वाया गेले, कारण निम्म्या गाड्या बाहेर होत्या आणि दारापुढची जागा मोकळी दिसत होती. अडथळा रात्री असतो. साडेदहानंतर सगळे घरी आलेले असतात आणि माणसं झोपेत असल्यामुळे आगीचा धोकाही तेव्हाच जास्त. म्हणून दुसऱ्या रात्री अकराच्या सुमारास पुन्हा फोटो काढले, सकाळी जिथे उभे होतो त्याच जागांवरून. जागा लक्षात राहाव्यात म्हणून जमिनीवर खडूने फुल्या मारून ठेवल्या होत्या. एकाच जागेवरून काढलेले रिकाम्या आणि भरलेल्या कंपाउंडाचे दोन फोटो शेजारी ठेवले, की बोलायला फार काही उरत नाही.

फोटोबद्दल काही गोष्टी इथेच सांगायला हव्यात. फोनमधली ०.५ ची रुंद लेन्स वापरू नका. तिच्यात सगळं कंपाउंड एका फोटोत मावतं खरं, पण जवळच्या दोन वस्तूंमधलं अंतर ताणलं जातं आणि अर्ध्या मीटरची फट मीटरभर दिसते. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतोच, "जागा तर आहे की!" साध्या १ च्या लेन्सने, छातीच्या उंचीवरून, दाराच्या अगदी समोर उभं राहून फोटो घ्यावा. दार, दारावरची पाटी आणि पुढची गाडी या तीनही गोष्टी एकाच चौकटीत हव्यात. नुसत्या गाडीच्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही. त्यानंतर फटीत टेप ताणून धरायची आणि दोन फोटो काढायचे, एक आकडा वाचता येईल इतक्या जवळून आणि एक ती टेप कुठे धरली आहे ते कळेल इतक्या लांबून.

पुसट रेषांचे फोटो काढणं याहून कठीण गेलं. भर दुपारी काँक्रीट इतकं चमकतं की उरलासुरला रंगही दिसत नाही. पावसानंतर ओल्या फरशीवर आकाशाचं प्रतिबिंब पडतं. रेष दिसते ती सकाळी आठच्या आत, ऊन तिरकं असताना. रात्री जमिनीलगत धरलेल्या टॉर्चच्या उजेडातही दिसते, कारण जुन्या रंगाच्या थराला थोडी जाडी असते आणि तिरक्या उजेडात त्याची कड उठते. असं करून दहापैकी चार रेषांची टोकं आम्हाला सापडली. बाकीच्या पुरत्या गेल्या होत्या.

फोटो ग्रुपवर टाकण्याआधी गाड्यांच्या नंबरप्लेट आणि माणसांचे चेहरे झाकले, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे दिसत होते तेवढा भाग कापला. पत्राचा विषय दाराचा होता, अमक्याच्या गाडीचा नव्हता, आणि ते फोटोतही दिसायला हवं होतं. मूळ फोटो मात्र जसेच्या तसे सचिवांकडे ठेवले. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि त्यात दडलेली तारीख-वेळ निघून जाते, म्हणून जपून ठेवायची प्रत डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

यानंतर नकाशा शोधला. सोसायटीच्या कपाटात मंजूर नकाशाची प्रत होती म्हणून आमचं काम एका संध्याकाळीत झालं. तुमच्याकडे नसेल तर आधी बिल्डरकडे आणि इमारतीच्या आर्किटेक्टकडे विचारा. तिथे मिळाली नाही तर नगरपालिकेत किंवा पंचायतीत प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा लागतो. माहिती अधिकारातही मागता येते, त्यात जनमाहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अर्जात इमारतीचं नाव पुरत नाही. सर्व्हे नंबर किंवा चलता नंबर आणि बांधकाम परवान्याचा क्रमांक घातला तर फाइल लवकर सापडते. नकाशाविना रेषा आखू नका. आठवणीने आखलेल्या रेषेवर उद्या कुणीही बोट ठेवील.

नकाशात मागच्या भिंतीलगत २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब असे नऊ गाळे आहेत. म्हणजे २२.५ मीटर. त्यानंतर दारापुढे १.५ मीटरचा मोकळा पट्टा आणि मग पंपाच्या खोलीची भिंत. एकूण २४ मीटर. टेप धरली तेव्हा जागेवरही २४ मीटरच भरले, म्हणजे जागा कुणी खाल्लेली नव्हती. तरीही रात्री नवव्या गाडीची कड आणि पंपाच्या खोलीची भिंत यांच्यात ४२ सेंटिमीटर उरत होते आणि त्या फटीपाशी एक स्कूटर लावलेली असायची. दार बाहेर ढकललं की जेमतेम फूटभर उघडून बंपरला टेकायचं.

मग एक मीटरहून जास्त जागा गेली कुठे? हे शोधायला फोटो पुरत नाहीत. शेजारशेजारच्या गाड्यांमधलं अंतर मोजावं लागतं, आणि ते दोन गाड्यांमधल्या फटीवरून मोजायचं नाही, कारण एक गाडी अल्टो तर दुसरी स्कॉर्पिओ. एका गाडीच्या डाव्या चाकापासून पुढच्या गाडीच्या डाव्या चाकापर्यंत मोजायचं. त्यातही दोन्ही गाड्यांची रुंदी वेगळी असली की थोडा फरक राहतो, पण नऊ गाड्यांच्या ओळीत तो बराचसा फिटतो. हे अंतर २.५ मीटर असायला हवं होतं. आमच्याकडे ते कुठे २.५८, कुठे २.७८ भरलं, सरासरी २.६६. म्हणजे दर गाडीमागे १६ सेंटिमीटर, पसरलेल्या हाताच्या वितीपेक्षाही कमी. पहिली गाडी भिंतीपासून थोडी लांब लागली, कारण चालकाला दार उघडून उतरायचं असतं. दुसऱ्याने पहिल्याकडे बघून आपलं अंतर सोडलं, तिसऱ्याने दुसऱ्याकडे बघून. नऊ गाड्यांचे मिळून १४४ सेंटिमीटर होतात. गाडी गाळ्याच्या मधोमध असली तर तिच्या बाजूला सुमारे ३६ सेंटिमीटर मोकळे राहतात, तेवढे वजा केले की १०८ उरतात. दीड मीटरच्या पट्ट्यातून १०८ गेले की ४२.

म्हणजे दार अडवलं ते नवव्या गाडीने नव्हे. नऊही गाड्यांनी थोडंथोडं मिळून अडवलं, आणि तसं होऊ शकलं ते जमिनीवर रेषा उरल्या नव्हत्या म्हणून. ही बेरीज कागदावर आली तेव्हा समितीतल्या सगळ्यांनाच थोडं ओशाळल्यासारखं झालं, कारण इतकी वर्षं सगळा दोष एकाच घराच्या माथी मारला जात होता. पत्राचा सूर या बेरजेने ठरवला.

पत्र लावण्याआधी नवव्या गाळ्याच्या काकांना घरी जाऊन भेटलो. हे चुकवू नये. स्वतःच्या गाडीचा फोटो माणसाने पहिल्यांदा नोटीस बोर्डावर पाहिला की पुढचं सगळं बोलणं भांडणातच जातं. काकांनी फोटो पाहिले, बेरीजही नीट पाहिली आणि म्हणाले, "मी तरी काय करू रे बाळा, आठव्याची गाडी माझ्या गाळ्यात अर्धा हात आलेली असते. मी सरकणार नाही तर उतरणार कसा?" बेरीज तेच सांगत होती. त्यांच्या संमतीनेच त्यांच्या गाडीचा फोटो पत्रात घेतला.

पत्र ११ ऑक्टोबरला लावलं. दिवाळी तोंडावर आली होती. नरकासुराचा पुतळा करायला वाड्यावरची मुलं जमतात तेव्हा गवत, कागद, बांबूच्या काठ्या असं सगळं सामान आडोशाच्या कोपऱ्यात रचलं जातं आणि आमच्याकडे तो कोपरा म्हणजे नेमकं हेच दार. म्हणून पत्र दिवाळीनंतरवर ढकललं नाही. मराठीत एक आणि इंग्रजीत एक अशा दोन प्रती लिफ्टजवळ लावल्या, कारण भाड्याने राहणाऱ्या काही घरांत मराठी वाचत नाहीत. भाडेकरूंच्या घरमालकांना वेगळी प्रत पाठवली. गाळा मालकाच्या नावावर असतो आणि गाडी भाडेकरूची, त्यामुळे दोघांनाही कळलं पाहिजे.

पत्राचा मजकूर असा होता:

"सर्व रहिवाशांना नमस्कार. सोबत मागच्या कंपाउंडाचे चार फोटो जोडले आहेत. फोटो १ आणि २ एकाच जागेवरून काढलेले आहेत, एक सकाळचा आणि एक रात्री अकराचा. फोटो ३ मध्ये मागच्या जिन्याचं दार किती उघडतं ते दिसतं. फोटो ४ मध्ये पार्किंगच्या रेषांची आजची स्थिती आहे.

मंजूर नकाशाप्रमाणे या दारापुढे दीड मीटरचा पट्टा मोकळा हवा. आज रात्रीच्या वेळी तिथे ४२ सेंटिमीटर उरतात. गाळ्यांच्या रेषा पुसल्या गेल्यामुळे प्रत्येक गाडी सरासरी १६ सेंटिमीटर सरकून लागते आणि नऊ गाड्यांचं सरकणं शेवटी दारापुढे जमा होतं. यात कुणा एकाची चूक नाही.

रेषा नव्याने आखेपर्यंत तीन गोष्टी कराव्यात ही विनंती. पहिल्या गाळ्यापासून प्रत्येकाने गाडी भिंतीवर खडूने केलेल्या खुणांच्या मधोमध लावावी. दारापुढे स्कूटर, सायकल, कुंड्या, नरकासुराचं सामान यांपैकी काहीही ठेवू नये. दाराला आतून कुलूप लावू नये.

रेषा आखण्याचा खर्च, दिवस आणि दुचाकींची नवी जागा यांवर रविवार २६ ऑक्टोबरला सकाळी १० वाजता स्टिल्टमध्ये बैठक आहे. ज्यांना येता येणार नाही त्यांनी आपलं म्हणणं लिहून सचिवांकडे द्यावं."

भिंतीवरच्या खुणा पत्राच्या आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या. दर २.५ मीटरला खडूची उभी रेघ आणि मध्ये गाळ्याचा क्रमांक. नाक भिंतीकडे करून गाडी लावणाऱ्याला त्या समोर दिसतात. हा उपाय जवळजवळ फुकट आहे आणि त्याने लगेच फरक पडला. चार दिवसांनी रात्री मोजलं तेव्हा दारापुढची फट ४२ वरून ९५ सेंटिमीटरवर आली होती. ही खूण रंग वाळण्याची किंवा बैठकीची वाट बघत नाही, म्हणून आधी तीच करा. उलटी गाडी लावणाऱ्यांना मात्र तिचा उपयोग कमी, त्यांना आरशात जमिनीवरची रेषच लागते.

पत्रात एकही कायदा घातला नव्हता आणि ते मुद्दाम. बैठकीत मात्र तयारी ठेवावी लागते, कारण "गाळा मी विकत घेतलाय" हे वाक्य येतंच. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेचा चौथा भाग आग आणि जीवितसुरक्षेचा आहे. बाहेर पडायच्या वाटा कायम अडथळ्याविना असाव्यात आणि त्यांची दारं किमान एक मीटर रुंद असावीत असं त्यात आहे. २०१६ च्याच रेरा कायद्यात सामाईक जागांच्या व्याख्येत जिने, आगीच्या वेळी सुटकेच्या वाटा आणि उघडं पार्किंग यांची नावं घेतली आहेत. म्हणजे दारापुढचा पट्टा कुणाच्या गाळ्याला जोडून विकलेला असला, तरी त्याचा आधार कच्चा. एवढं शांतपणे सांगितलं की पुरतं.

बैठकीत खरा अडला तो दुचाकींचा प्रश्न. दारावर छज्जा आहे आणि पावसाळ्यात मागच्या बाजूला कोरडी जागा तेवढीच. स्कूटरवाले तिथे येत होते ते त्यासाठी. त्यांना नुसतं "इथे लावू नका" म्हणून भागत नाही, जूनमध्ये ते पुन्हा तिथेच येणार. स्टिल्टमध्ये जागा शोधायला गेलो तर पहिली सूचना आली जिन्याखालच्या मोकळ्या कोपऱ्याची. ती मान्य करू नका. जिन्याखाली किंवा वीजमीटरांच्या फळीजवळ दुचाकी ठेवणं हे अडलेल्या दाराहूनही घातक आहे. मीटरच्या फळीत ठिणगी उडाली आणि खाली पेट्रोलच्या टाक्या असल्या, की धूर थेट जिन्यातून वर चढतो आणि जिना हीच लोकांची वाट असते. विजेवरची स्कूटर तिथे चार्जिंगला लावणं तर त्याहून वाईट. शेवटी जिना आणि मीटर यांपासून दूर, गेटच्या बाजूच्या दोन खांबांमध्ये जागा ठरली. एका दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर धरून तिथे सहा बसल्या. ती जागा पाहुण्यांच्या गाडीसाठी वापरली जायची, त्यामुळे पाहुण्यांनी रस्त्यावर लावायचं हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. काहींना ते अजून पटलेलं नाही.

दाराच्या कुलपाचं कारणही तसंच सरळ होतं. मागून चोर येईल ही भीती. कुलूप काढून तिथे पुश बार बसवला. आतून आडव्या दांड्यावर भार दिला की दार उघडतं आणि बाहेरून ते बंदच राहतं. खारट दमट हवेत साध्या लोखंडी बिजागऱ्या दोन पावसाळ्यांत जाम होतात, म्हणून बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घेतले. बार, बिजागऱ्या आणि मजुरी मिळून ६,४०० रुपये झाले.

रंगकामाला लगेच हात घातला नाही. ऑक्टोबरभर संध्याकाळी गडगडाटी पाऊस येत होता आणि ओल्या काँक्रीटवर मारलेला रंग महिन्याभरात पापुद्रे धरतो. जुन्या रेषा इतक्या लवकर का गेल्या हेही त्याच वेळी कळलं. मागच्या खेपेला दारं-खिडक्यांचा साधा ऑइल पेंट वापरला होता. काँक्रीटमध्ये चुन्याचा क्षार असतो, त्यात ओल मुरली की तो ऑइल पेंटला खालून साबणासारखा मऊ करतो आणि पहिल्या पावसाळ्यातच रंग चाकांबरोबर निघून जातो. दुकानात रोड मार्किंग पेंट असंच मागा. रस्त्यावर गरम करून ओततात तो थर्मोप्लास्टिक जास्त टिकतो, पण त्याला भट्टी आणि यंत्र लागतं. नऊ गाळ्यांसाठी कुणी ठेकेदार येत नाही.

ओल तपासायची सोपी रीत आहे. हातभर चौकोनी जाड प्लास्टिक जमिनीवर ठेवून चारही बाजू चिकटपट्टीने बंद करायच्या आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट काळवंडलं असेल तर थांबायचं. आमच्याकडे ३ नोव्हेंबरला थेंब होते, ११ ला नव्हते. त्याआधी शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारून तारेच्या ब्रशने घासलं होतं. गाड्यांच्या तेलाचे डाग धुण्याच्या पावडरीने दोनदा घासावे लागले. डागावर रंग बसलेला दिसतो, पण तो धरत नाही.

रंग किती लागेल याचा हिशेब असा. नऊ गाळ्यांच्या दहा रेषा, प्रत्येक ५ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ५ चौरस मीटर. खडबडीत काँक्रीटवर एका लिटरमध्ये एका हाताला साधारण ५ चौरस मीटर होतात. दोन हात म्हणजे २ लिटर पांढरा. गाळ्यांचे क्रमांक आणि दुचाकींची जागा धरून आम्ही ४ लिटर घेतला. दारापुढच्या पट्ट्याची चौकट आणि तिरप्या रेघा यांना पिवळा १ लिटर पुरला. रंग आणि थिनर २,१०० रुपये, चिकटपट्टी आणि ब्रश ५५० रुपये, दोन रंगाऱ्यांची दोन दिवसांची मजुरी ४,००० रुपये.

१५ आणि १६ नोव्हेंबरला काम झालं. पहिल्या दिवशी पहिले पाच गाळे, दुसऱ्या दिवशी उरलेले चार आणि दारापुढचा पट्टा. म्हणजे एका वेळी निम्म्याच गाड्यांना बाहेर जावं लागलं. सकाळी दव पूर्ण वाळल्यावर, साडेनऊनंतर सुरुवात केली. काटकोन साधायला भिंतीवर ३ मीटर, जमिनीवर ४ मीटर घेतले आणि तिरपं अंतर ५ मीटर येईपर्यंत दोरी सरकवली. मग सूत मारून रेषा पाडल्या.

इथे रंगाऱ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. ते पहिली रेष मारून तिच्या कडेपासून पुढचे २.५ मीटर मोजतात. रेषेची रुंदी १० सेंटिमीटर, त्यामुळे दर गाळ्याला १० सेंटिमीटर वाढतात आणि नवव्या गाळ्याची शेवटची रेष ९० सेंटिमीटर दारापुढे सरकते. गाड्या जशा सरकल्या होत्या तशाच रेषा सरकतात, आणि मग ती चूक पक्क्या रंगात राहते. म्हणून टेपचं टोक पहिल्या भिंतीलाच ठेवायचं आणि २.५, ५, ७.५, १० असे सगळे आकडे एकाच टेपवरून जमिनीवर मांडायचे. प्रत्येक आकडा रेषेच्या मध्यावर यायला हवा. दोन रेषांच्या आत मग २.४ मीटर मोकळे दिसतात आणि "माझा गाळा कमी झाला" अशी तक्रार येते. टेप मध्यापासून मध्यापर्यंत धरून दाखवली की ती मिटते.

रंग अर्ध्या तासात हाताला वाळलेला लागतो, पण तापलेलं चाक त्यावर थांबलं तर रंग चाकालाच चिकटून येतो. आम्ही चोवीस तास गाड्या लावू दिल्या नाहीत. पेव्हर ब्लॉक असलेल्या कंपाउंडात हे सगळं करूनही रेषा कमी टिकतात, कारण ब्लॉक हलतात आणि सांध्यांतली वाळू रंग धरत नाही. तिथे रेषेच्या जागी वेगळ्या रंगाचे ब्लॉक बसवून घेणं बरं.

पिवळ्या पट्ट्यात मधोमध खांब रोवावा अशी एक सूचना होती. दीड मीटरच्या पट्ट्यात मध्ये खांब आला की दोन्ही बाजूंना पाऊण मीटरही उरत नाही आणि वरून कुणाला उचलून आणायची वेळ आली तर तोच आडवा येतो. त्याऐवजी नववा गाळा आणि पट्टा यांच्यामधल्या रेषेवर तीन लवचीक खांब बसवले, धक्का लागला की वाकतात आणि परत उभे राहतात. तिन्हींचे १,८०० रुपये झाले. नवव्या गाळ्यात भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर रबरी चाकरोधक ठोकला, त्याचे ७०० रुपये. चाकाच्या पुढे बंपर अर्धा मीटरभर येतो, म्हणून चाकरोधक भिंतीच्या फार जवळ ठोकला तर काही उपयोग होत नाही. एकूण खर्च १५,५५० रुपये आला आणि तो देखभाल निधीतून गेला.

३० नोव्हेंबरला रात्री अकराला खडूच्या त्याच जागांवरून पुन्हा फोटो काढले. दारापुढे १.४६ मीटर मोकळे होते आणि दार पूर्ण उघडत होतं. चार सेंटिमीटर खांबांच्या बुडाने खाल्ले. हे फोटो जुन्या फोटोंशेजारी नोटीस बोर्डावर लावले. गाळ्यांत गाड्या अजून थोड्या तिरक्या लागतात, पण आता सरकणं त्या-त्या गाळ्यातच राहतं, पुढच्याच्या जागेत जमा होत नाही. सामान पोचवायला येणारे मोटरसायकलवाले पिवळ्या पट्ट्यात दोन-चार मिनिटं थांबतात, त्यांच्यासाठी वॉचमनला सांगून ठेवलंय.

उरलेला रंग आणि थिनर पंपाच्या खोलीत ठेवायला निघाले होते. तिथे मोटर आणि तिचा स्विच आहे आणि खोली दाराला लागून आहे, म्हणून डबे गेटजवळच्या बंद कपाटात ठेवले. पुढची तपासणी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी करायची आहे. तेव्हा नवव्या गाळ्याच्या शेवटच्या रेषेपासून पंपाच्या खोलीच्या भिंतीपर्यंत पुन्हा टेप धरायची, दाराचा बार दाबून बघायचा, आणि जिथे रेष अर्ध्याहून जास्त गेली असेल तिथे उरलेल्या रंगाचा एक हात मारायचा.